टिक वाजतं, पाणी येत नाही

बेलापूरच्या सीबीडीत एका सात मजली ऑफिस इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. लिफ्ट, पंप, एसी या मोठ्या गोष्टींपेक्षा जास्त तक्रारी कशाच्या येतात, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे: वॉशरूममधल्या सेन्सरच्या नळांच्या. लोक नळाखाली हात धरतात, हलवतात, ओवाळणी केल्यासारखे गोल फिरवतात, शेवटी शेजारच्या नळाकडे सरकतात. मग खाली फोन येतो, "सेन्सर गेलाय."

सेन्सर क्वचितच जातो. गेली काही वर्षं हे नळ उघडून बघताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की नळ बंद पडला तर आधी बघायचं नाही, ऐकायचं. हात धरल्यावर आतून बारीकशी 'टिक' येते का? त्या एका टिकवरून अर्धं निदान होतं. ते कसं, हे समजायला आतली यंत्रणा थोडी समजून घ्यावी लागते.

नळाच्या पुढच्या बाजूला जो काळा गुळगुळीत ठिपका दिसतो, तो त्याचा डोळा. त्यामागे दोन गोष्टी असतात. एक इन्फ्रारेड प्रकाश सोडते, दुसरी परत येणारा प्रकाश टिपते. समोर हात आला की प्रकाश त्यावर आपटून मागे येतो आणि नळाला कळतं की कुणीतरी आहे. हा प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितला तर बऱ्याचदा त्या ठिपक्यात फिकट जांभळी लुकलुक दिसते. पुढच्या, म्हणजे सेल्फीच्या कॅमेऱ्यात ती जास्त चांगली दिसते, कारण मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारा थर बहुधा जाड असतो. लुकलुक दिसली म्हणजे डोळ्याला वीज मिळतेय एवढं नक्की.

ही लुकलुक सलग नसते. वीज वाचवायला नळ सेकंदातून काही वेळाच डोळा उघडतो आणि मिटतो. म्हणूनच हात धरल्यावर पाणी यायला क्षणभर उशीर होतो. घाईतला माणूस तेवढ्यात हात काढून घेतो आणि नळाला नावं ठेवतो.

डोळ्याने हात बघितला, पुढे काय? खरी गंमत इथे आहे. पाणी अडवणारा वॉल्व्ह बेसिनखालच्या डबीत किंवा नळाच्याच पोटात असतो, आणि तो उघडण्याचं काम सोलेनॉइडचं. आमचे प्लंबर त्याला नुसतं 'कॉइल' म्हणतात. तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्याच्या मधोमध एक छोटी लोखंडी दांडी. तारेतून वीज गेली की वेटोळं चुंबक होतं आणि दांडी आत ओढली जाते. दांडी सरकते ती जेमतेम एक-दोन मिलिमीटर, आणि सरकून आपटते तेव्हाच आपल्याला टिक ऐकू येते.

आता थोडा हिशेब करू. साधं सोलेनॉइड असेल तर पाणी चालू असेपर्यंत त्याला वीज देत राहावी लागेल. समजा ०.४ अँपिअर, एका हात धुण्याला १० सेकंद. आपल्या नळात चार पेन्सिल सेल एकापुढे एक जोडलेले असतात, मिळून ६ व्होल्ट. चांगल्या अल्कलाइन सेलची क्षमता ढोबळमानाने २ अँपिअर-तास धरा. या हिशेबाने सेल १,८०० वेळा हात धुतल्यावर संपतील. दिवसाला ३०० जण हात धुतात अशा वॉशरूममध्ये सहा दिवसांत. दर आठवड्याला सेल बदलणारं ऑफिस कुणाच्या बापाला परवडणार?

म्हणून सेलवर चालणाऱ्या नळात वेगळं सोलेनॉइड असतं. त्याच्या आत एक कायमचा चुंबकही बसवलेला असतो. विजेचा एक छोटासा धक्का दिला की दांडी उघड्या जागी जाते आणि तो चुंबक तिला तिथेच धरून ठेवतो. मग वीज बंद. बंद करायला उलट्या दिशेने दुसरा धक्का, दांडी परत जागेवर. धक्का सेकंदाच्या चाळीसाव्या भागाएवढा, म्हणजे २५ मिलिसेकंदांच्या आसपास. वीज जास्त लागली, समजा ०.७ अँपिअर, तरी एका वेळेला दोन धक्के मिळून खर्च किती? तेच सेल दोन लाखांहून जास्त वेळा पुरतील. दिवसाला ३०० च्या हिशेबाने जवळपास दोन वर्षं. प्रत्यक्षात डोळ्याची लुकलुक थोडी वीज खातेच आणि सेलही नुसते पडून झिजतात, त्यामुळे इतके टिकत नाहीत. पण सहा दिवस आणि वर्ष-दीड वर्ष यातला फरक त्या छोट्या चुंबकामुळे पडतो.

या हुशारीची एक किंमत आहे. साध्या सोलेनॉइडची वीज गेली की स्प्रिंग दांडीला परत ढकलते आणि पाणी थांबतं. चुंबकवालं सोलेनॉइड मात्र जिथे असेल तिथेच राहतं. नळ उघडा असताना सेलने मान टाकली, तर पाणी वाहतच राहील, रात्रभर. हे टाळायला आतल्या सर्किटमध्ये एक नियम घातलेला असतो: सेल ठराविक पातळीच्या खाली गेले की नळ उघडायचाच नाही. म्हणजे बंद करण्यापुरता दम शिल्लक असतानाच तो काम थांबवतो. म्हणून सेल कमजोर झालेला नळ आपल्याला मेल्यासारखा वाटतो. बऱ्याच नळांत त्याआधी काही दिवस हात धरल्यावर लाल दिवा लुकलुकतो, पण हात धुणाऱ्यांपैकी कोण तो दिवा बघून सिक्युरिटीला जाऊन सांगतं?

दांडी फक्त दोन मिलिमीटर सरकते, मग टाकीचा दाब झेलणारा नळ उघडतो कसा? उत्तर असं, की नळ उघडतं ते पाणीच. वॉल्व्हच्या आत रबराची चकती असते, डायफ्रॅम. तिला काठाजवळ टाचणीच्या टोकासारखं एक बारीक भोक असतं. त्यातून पाणी चकतीच्या वरच्या बाजूला जाऊन साठतं. वरच्या बाजूला पाण्याला दाबायला जागा जास्त, खालच्या बाजूला कमी, म्हणून चकती खाली दाबून बसते आणि नळ बंद राहतो. चकतीच्या मधोमध दुसरं एक भोक आहे, त्यावर आपली दांडी टेकून बसलेली असते. दांडी उचलली की वर साठलेलं पाणी या मधल्या भोकातून पटकन निघून जातं. काठच्या भोकातून तितक्या वेगाने नवं पाणी येऊ शकत नाही. वरचा दाब गेला, खालच्या पाण्याने चकती उचलली, नळ उघडला. दांडी फक्त कडी काढते, दार ढकलतं ते पाणी.

आता ही भोकं किती बारीक आहेत ते लक्षात घ्या. एक वाळूचा कण, टेफ्लॉन टेपचा एक धागा, पाइपातल्या गंजाची एक खपली, बस्स. म्हणून वॉल्व्हच्या तोंडाशी एक जाळी बसवलेली असते. स्टीलची, बोटाच्या नखाएवढी, कधी सपाट चकतीसारखी, कधी टोपीसारखी. कनेक्शन पाइपचं नट उघडलं की ती दिसते. गंमत म्हणजे नळ बसवणारे अनेकदा ती काढून फेकतात, 'फोर्स कमी होतो' म्हणून. फोर्स वाढतो खरा, आणि सहा महिन्यांत डायफ्रॅम बदलायची वेळ येते.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो, म्हणजे हे सगळं एका ठिकाणी दिसेल. रविवारी गच्चीवरची टाकी धुतली. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं, त्यामुळे लोकांना वाटतं की टाकीत गाळ कुठून येणार. पण टाकीच्या तळाशी दोन वर्षांत बारीक रेतीचा थर बसतोच. धुताना तो ढवळला जातो आणि टाकी भरल्यावर पहिलं पाणी तो घेऊन खाली उतरतं. सोमवारी सकाळी साडेनऊला पाचव्या मजल्यावरून फोन, दोन नळ बंद.

आमच्या प्लंबरना सगळे मामा म्हणतात. मी पोचेपर्यंत मामांनी दोन्ही नळांचे सेल काढून नवे घातलेही होते. "साहेब, सेल टाकले तरी चालू नाही. सेन्सर बदलायला लागेल."

"मामा, हात धरल्यावर टिक येते का?"

मामांनी वाकून बेसिनखालच्या डबीला कान लावला, मी वर हात धरला. "येते की."

टिक येते म्हणजे डोळ्याने हात बघितला, सर्किटने धक्का दिला, दांडी सरकली. वीज आणि डोळा दोन्ही ठणठणीत. अडलंय ते पाणी. मग बघायचं क्रमाने: बेसिनखालचा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का, हे आधी. साफसफाईवाला पोरगा कधीकधी कापड अडकवताना तो फिरवून ठेवतो. तो उघडाच होता. मग अँगल कॉक बंद करून कनेक्शन पाइप सोडवला आणि बादलीत कॉक किंचित उघडला. पाणी जोरात आलं, म्हणजे वॉल्व्हपर्यंत पाणी आहे. मग जाळी. पहिल्या नळाची जाळी काढली तर तिच्यावर तपकिरी लेप होता, मेंदी थापल्यासारखा. त्यात रेती, गंजाच्या खपल्या आणि पांढरा टेफ्लॉनचा गुंता. जुन्या टूथब्रशने उलट्या बाजूने धुतली, बसवली, नळ चालू झाला. पंधरा मिनिटांचं काम.

दुसऱ्या नळाची जाळीही तशीच होती. धुऊन बसवली, हात धरला, पाणी आलं. हात काढला, टिक आली, पाणी थांबेना. मामांनी माझ्याकडे बघितलं, "आता हे काय नवीन?"

हे नवीन नव्हतं, त्याच गाळाचं दुसरं रूप होतं. जाळी तुंबलेली असताना किंवा ती काढताना एखादा कण आत गेला आणि डायफ्रॅमच्या काठच्या बारीक भोकात अडकला. दांडीने मधलं भोक बंद केलं, पण वर पाणी साठायचं ते काठच्या भोकातून, आणि ते बंद. वर दाब तयारच होईना, मग चकती खाली बसणार कशी? उघडण्याचा धक्का आणि बंद होण्याचा धक्का दोन्ही व्यवस्थित, फक्त पाण्याची वाट अडलेली. वॉल्व्हचे चार स्क्रू उघडले, डायफ्रॅम उजेडाकडे धरला, भोकातून उजेड दिसत नव्हता. इथे मामा सुई घ्यायला निघाले होते, त्यांना थांबवलं. सुईने भोक मोठं होतं, आणि भोक मोठं झालं की वरचं पाणी जितकं निघतं तितकंच आत येतं, मग नळ उघडणं अवघड होतं. वाहत्या पाण्याखाली धरून, बोटाने चोळून, जोरात फुंकर मारून कण निघाला. बसवताना चकतीची बाजू उलटी होणार नाही आणि खालची रबरी रिंग पडणार नाही, एवढं बघितलं.

याच प्रकाराचे दोन भाऊबंद आहेत. कण काठच्या भोकाऐवजी मधल्या भोकात अडकला तर उलटं होतं: टिक येते, पण नळ उघडतच नाही. आणि कण भोकात न अडकता चकतीच्या बैठकीवर पडून राहिला तर नळ बंद होतो, पण थेंब थेंब गळत राहतो. जाळी अर्धवट तुंबली असेल तेव्हा आणखी एक फसवं लक्षण दिसतं. पाण्याची धार बारीक होते आणि हात काढल्यावरही ती लगेच थांबत नाही, कितीतरी सेकंद चालू राहते. कारण तुंबलेल्या जाळीपलीकडे पाण्याला जोर उरलेला नसतो, आणि चकती खाली ढकलायला तोच जोर लागतो. लोक याला 'सेन्सर स्लो झालाय' म्हणतात. नळाच्या तोंडाशी जी फेस करणारी जाळी असते तीही तुंबते, पण मग पाणी वेडंवाकडं, बाजूला उडत येतं. तो फरक डोळ्यांनी कळतो.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दोन महिन्यांनी पहिला नळ पुन्हा बंद. या वेळी डोळ्यात लाल दिवा क्षणभर लागायचा, टिक मात्र ऐकू येत नव्हती, किंवा कान लावला तर अगदी दबलेली, लाकडावर नख टेकवावं तशी. मामा मल्टिमीटर घेऊन आले. चार सेल मिळून ५ व्होल्ट. "साहेब, सेल बरे आहेत, पाचच्या वर काय पाहिजे?"

मल्टिमीटर इथे फसवतो. तो सेलकडून जवळजवळ काहीच वीज मागत नाही, म्हणून सेल त्याला छाती पुढे काढून आकडा दाखवतो. सेल जुना झाला की त्याच्या आतला अडथळा वाढतो. समजा प्रत्येक सेलमध्ये १ ओहम झाला, चार सेलचे मिळून ४. डोळ्याला लागणारी वीज अगदीच नगण्य, तिला हा अडथळा जाणवतच नाही, म्हणून लाल दिवा लागतो. पण कॉइलने अर्धा अँपिअर मागितला की त्या ४ ओहममध्येच २ व्होल्ट गळून जातात. कॉइलपर्यंत पोचतात ३. तेवढ्यात दांडी हलली तर हलली. दिवा लागतो म्हणजे सेल चांगले, हा समज म्हणूनच चुकीचा. खात्री करायची तर ज्या नळाचा काही दोष नाही त्यातले सेल काढून इथे घालून बघावेत. मामांनी तसं केलं, नळ चालू झाला.

पण दोनच महिन्यांत सेल गेले कसे? कचऱ्याच्या डब्याजवळ ठेवलेलं पाकीट बघितलं तेव्हा कळलं. त्या सोमवारी घाईत मामांनी खालच्या टपरीवरून साधे, स्वस्तातले सेल आणले होते, रिमोट आणि भिंतीवरच्या घड्याळात घालतात ते. घड्याळाला ते वर्षभर पुरतात, कारण घड्याळ थेंबाथेंबाने वीज घेतं. कॉइल घोट घेतं. या सेलांचा आतला अडथळा अल्कलाइनपेक्षा मुळातच जास्त आणि क्षमताही कमी. म्हणजे गाळाने बंद पडलेल्या नळाचे चांगले सेल काढून फेकले गेले आणि त्या जागी दोन महिन्यांनी येणारी पुढची तक्रार बसवली गेली. आता डबीवर मार्करने तारीख आणि 'अल्कलाइन' लिहिलेलं असतं, आणि चारही सेल एकदमच बदलतो. दोन जुने दोन नवे घातले तर जुने आधी पूर्ण रिकामे होतात, तरीही नवे सेल त्यांतून वीज ढकलत राहतात, आणि शेवटी ते फुटून गळतात.

गळलेल्या सेलांवरून आठवलं, बेलापूरची खाडी जवळ आहे आणि बेसिनखाली ओल कायमची. सेलच्या डबीतल्या पट्ट्या हिरव्या होतात किंवा त्यांच्यावर पांढरी पूड बसते. हिरवा रंग तांब्याच्या गंजाचा, बारीक सँडपेपरने घासला की जातो. पांढरी पूड गळलेल्या सेलची, ती लिंबाच्या रसाने पुसून, कोरडी करून घ्यावी. अशा पट्टीचाही आतल्या अडथळ्यासारखाच परिणाम होतो: दिवा लागतो, टिक येत नाही. नव्या सेलनेही फरक पडला नाही तर डबीचं झाकण उघडून पट्ट्या बघाव्यात, सेन्सरला बोल लावू नये.

आणि टिकही नाही, दिवाही नाही, पण सेल नवेकोरे आहेत? तेव्हा डोळ्याकडे वळायचं. डोळ्यावर साबणाचा आणि क्षाराचा पडदा बसला तर प्रकाश तिथूनच परत फिरतो. नळाला वाटतं समोर कुणीतरी उभंच आहे. बहुतेक नळांत सलग अर्धा-एक मिनिट कुणी उभं राहिलं की पाणी आपोआप बंद करायची सोय असते, आणि समोरचं हटेपर्यंत नळ पुन्हा उघडत नाही. एकदा तर 'पाणी वाचवा'चा स्टिकर नेमका डोळ्यावर चिकटवला होता. पाणी वाचलं, हे कबूल करायला हवं. काही नळ सेल घातल्याबरोबर समोरचं दृश्य मोजून घेतात आणि तेच 'रिकामं' समजतात. त्या वेळी तुमचा हात किंवा बादली समोर असेल तर नळ हातालाच रिकामी जागा समजून बसतो. सेल काढायचे, थोडं थांबायचं, पुन्हा घालायचे आणि लगेच बाजूला व्हायचं. मऊ कोरड्या कापडाने ठिपका पुसला, तेवढ्याने कित्येक 'गेलेले' नळ आमच्याकडे परत आले आहेत. घासणीने कधीच पुसू नये, ओरखडे पडले की प्रकाश आतच विखुरतो.

राहिला सातवा मजला. तिथले दोन नळ कधीच धड चालले नाहीत. सेल नवे, जाळी चकचकीत, टिक खणखणीत, पण पाण्याची धार कधी येते, कधी नुसतं ओघळतं, बंद व्हायलाही टाळाटाळ. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण १ बार असतो. आमच्या टाकीचा तळ त्या बेसिनपेक्षा जेमतेम चार मीटर वर आहे, म्हणजे टाकीत थोडंच पाणी असेल तेव्हा जेमतेम ०.४ बार. या नळाच्या खोक्यावर किमान ०.५ बार लिहिलेलं होतं, आणि डायफ्रॅम उचलायला किंवा दाबायला जे पाणी लागतं त्याच्यातच दम नव्हता. प्रेशर पंप बसवायचा खर्च दोन नळांसाठी मंजूर होईना. मामांनी ते दोन्ही नळ काढून स्टोअरमध्ये ठेवले आणि तिथे जुन्या धाटणीचे दाबायचे नळ बसवले.